मुद्द्याचं तेवढं

अण्णांनी कागद वाचला, उलटा करून मागं काही लिहिलंय का ते पाहिलं, आणि सुनेच्या हातात परत दिला.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं. ऐकू येईनासं झाल्यापासून अण्णांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. "लग्न ठरवायलाय का नगरपालिकेची नोटीस काढलीय?"

त्रिशलानं पांढरा फळा पुढं ओढला आणि त्यावर लिहिलं, 'सिंघईजी जे बोलले त्याचा सारांश.'

"हे बोलले ते? असं बोलले?"

तिनं मान हलवली आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. शुक्रवारची रजा काढून दुपारभर ती या एका कागदावर बसली होती. अर्ध्या पानात अठरा मिनिटांचा फोन बसवणं हे काही खायचं काम नव्हतं. दूध संघाच्या कचेरीत गेली वीस वर्षं ती सभांची इतिवृत्तं लिहीत होती. सभेत चार तास भाषणं झोडली जायची, एकमेकांचे बाप काढले जायचे, मग आभार मानले जायचे, आणि त्रिशला चौगुलेंच्या कागदावर उतरायचे फक्त पाच ठराव. अध्यक्ष म्हणायचे, मुद्द्याचं तेवढं लिहावं तर ते आमच्या बाईंनी. घरात मात्र हे कौतुक उंबऱ्याबाहेरच राहायचं.

घोडं अडलं होतं ते लेकीच्या लग्नावर. अनुजानं पुण्यात मुलगा पसंत केला होता, अर्पित सिंघई, मध्य प्रदेशातल्या सागरचा. जैन होता, दिगंबर होता, एवढ्यावर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण पोटजात वेगळी, आपण इकडचे चतुर्थ, ते तिकडचे परवार. आपली हळदीची पेठ, त्यांची सराफी. आपली मराठी, त्यांची हिंदी. अण्णांनी ना हो म्हटलं ना नाही. एकच अट घातली. लग्न सांगलीत, आपल्या दारात होणार असेल तर येणाऱ्या प्रत्येक माणसाला खोली मिळाली पाहिजे आणि दिवस मावळायच्या आत पोटभर ताजं जेवण मिळालं पाहिजे. जैन बोर्डिंगच्या खोल्यांत दीडशे माणसं नीट राहतात. त्याच्या वर एकालाही मी जमिनीवर झोपवणार नाही, आणि असलं लग्न मला करायचं नाही. मग खुशाल पुण्यात कचेरीत जाऊन सह्या करा, मी येणार नाही, असं ते म्हणाले होते. ते बोलल्याप्रमाणे करतात हे घरात सगळ्यांना पक्कं माहीत होतं. अनुजानं फोनवर सांगितलं होतं की अण्णा नसतील तर मलाही तसलं लग्न नको. रडून नाही, अगदी शांतपणे सांगितलं होतं, त्यामुळं त्रिशलाला जास्त धास्ती बसली होती.

दीडशेचा आकडा सागरकरांना मात्र अजून कुणी सांगितला नव्हता. अण्णांचा हुकूम होता की आधी मुलाकडचे किती म्हणतात ते ऐकू. आपण आधी तोंड उघडायचं नाही, ही त्यांची बाजारातली सवय.

म्हणून गुरुवारी मुलाच्या वडिलांचा, सुमतचंद सिंघईंचा, फोन आला तेव्हा त्रिशला एकटीच बोलली. नवरा भरतेश शेजारी बसून हातानं 'छान, छान' करत होता. त्याचा उपयोग तेवढाच. सुरुवातीलाच तिनं सांगून टाकलं की सासऱ्यांना ऐकू येत नाही, पण त्यांना शब्दन् शब्द कळायला हवा असतो, तेव्हा हे बोलणं ध्वनिमुद्रित करू का? सिंघई म्हणाले, अवश्य, बाबूजींसाठी जरूर करा.

मग त्या ध्वनिमुद्रणाचं ॲपनं लिखाण करून दिलं, आणि तिथून त्रिशलाच्या डोक्याला ताप सुरू झाला. पूर्णविराम नाही, कोण बोलतंय त्याचा पत्ता नाही. 'ढाई सौ'चं त्या शहाण्यानं '2.5 100' करून ठेवलं होतं. गाडी मिरजेत 'पौने चार'ला पोचते, तर त्याच्या हिशेबी चारला. मुलाचे थोरले चुलते खेमचंदजी 'उनासी' वर्षांचे, म्हणजे एकोणऐंशी. ॲपनं त्यांना एका फटक्यात नवासी करून एकोणनव्वदला नेलं. ही चूक साधी नव्हती. अण्णा एक्याऐंशी वर्षांचे. व्याह्यांच्या घरचा वडीलधारा अण्णांहून मोठा की लहान यावर मांडवात कोण कुणापुढं वाकणार हे ठरायचं होतं. त्रिशलानं तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला, खात्री केली, मगच आकडा लिहिला.

मराठी सारांशही करून देतं म्हणालं होतं ते ॲप. त्यानं दिलेलं पहिलंच वाक्य होतं, 'सुमतचंद म्हणाला की त्याचा मोठा भाऊ येणार आहे.' म्हणाला! त्रिशलानं ते तिथंच पुसलं. अण्णांच्या डोळ्यांना हे दिसलं असतं तर अर्पितनं दुसरी मुलगी बघायची वेळ आली असती. तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं, 'श्री. सुमतचंदजी म्हणाले', 'त्यांचे ज्येष्ठ बंधू येणार आहेत'. जिथं तिथं 'जी' लावला, अनेकवचन घातलं. आकडे तपासले. मोठ्या अक्षरात छापून आणलं. यापरतं माणसानं काय करायचं?

आणि आता अण्णा तो कागद धोतराला लागलेलं कुसळ झटकावं तसा झटकत होते.

"वाच तूच. 'वरपक्षाकडून अडीचशे माणसं येतील. गाडी पावणेचारला पोचेल. सूर्यास्तापूर्वी भोजन हवं. ज्येष्ठ बंधूंची वेगळी व्यवस्था हवी.' हवं, हवी, येतील! पावणेचारला मिरजेत उतरणार, साडेचार-पाचला इथं, आणि दिवस मावळायच्या आत अडीचशे पानं उठवायची? विचारलं तरी का, जमंल का म्हणून?"

त्रिशलानं लिहिलं, 'विचारलं. फार अदबीनं बोलले.'

"कुठाय अदब? मला तर दिसंना."

'ती मुद्द्यात येत नाही,' तिनं लिहिलं, आणि लिहिताक्षणीच तिला वाटलं की हे पुसावं. पण अण्णांचे कान गेले होते, डोळे नव्हते.

"मुद्द्यात येत नाही," ते सावकाश म्हणाले. "बरं. मग माझाबी मुद्दा लिहून घे. रविवारी त्यांचा फोन येणार हाय न्हवं? सांग त्यांना, तुमच्या अडीचशेला पुरंल असं घर बघा. आमचं पुरत न्हाई."

ते उठून देवघराकडं गेले. भरतेश दारातून डोकावला, फळ्यावरचं वाचलं, आणि "तू जरा गोड लिहायचंस की" असं म्हणून जसा आला तसा गेला. त्रिशलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाप ऐकत नाही, मुलगा ऐकून घेतो पण करत काही नाही, आणि दोघांच्या मधे हिनं लिहायचं, तेही गोड.

शनिवारी पहाटे उठून तिनं दुसरा कागद केला. या वेळी तिनं एकही नमस्कार सोडला नाही. सिंघईंनी सुरुवातीला 'बाबूजींच्या चरणी आमचा प्रणाम' म्हटलं होतं ते लिहिलं. 'आज्ञा असेल तर एक विनंती करू का' हे लिहिलं. 'आम्ही तर आपली लेकरं', 'आपण थोर आहात', 'आपल्या दारातलं पाणीही आम्हाला प्रसाद' हे सगळं लिहिलं. हिंदीतल्या 'सिर आँखों पर'साठी तिला 'शिरसावंद्य' सुचला तेव्हा क्षणभर तिचं तिलाच बरं वाटलं. सगळ्या अदबीचा तिनं एक वेगळा परिच्छेद केला आणि वर ठेवला, त्याखाली आकड्यांचा. व्यवस्थित. कचेरीत असता तर अध्यक्षांनी पाठ थोपटली असती.

अण्णांनी वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीला चष्मा काढला.

"हा पोवाडा कुणाचा?"

'सिंघईजींचं बोलणं. तुम्हीच म्हणालात अदब दिसत नाही.'

"अगं पण हे असं एका दमात बोलला का तो? आधी तासभर पाया पडला आणि मग म्हणाला, अडीचशे?"

तिनं लिहिलं, 'नाही. मधे मधे.'

"मग मधे मधेच लिही की! मीठ वेगळं आणि भाजी वेगळी वाढायला लागलीस तर खाणाऱ्याला काय कळंल?"

त्रिशलानं मार्कर खाली ठेवला. आवाज चढवून उपयोग नव्हता, म्हणून तिला अजूनच राग आला. ऐकू येत नसलेल्या माणसाशी भांडता येत नाही, भांडण आधी लिहावं लागतं, आणि लिहिता लिहिता ते थंड होतं. कालचं कोरडं होतं, आजचं ओलं झालं. थोडक्यात लिहिलं तर नोटीस, सविस्तर लिहिलं तर पोवाडा. उद्या सकाळी फोन येणार. तिथं पुण्यात पोरगी मोबाईल हातात धरून बसलेली. आणि हे इथं मीठ-भाजी करतायत.

तरीही ती बसली. कारण दुसरं कोण बसणार होतं? तिसऱ्यांदा तिनं ॲपचं ते बिनविरामाचं लिखाण पुढं घेतलं, कानात इअरफोन घातले, आणि जसं घडलं तसं, त्याच क्रमानं मराठीत उतरवायला लागली. बोलणं कमी केलं, पण उडवलं नाही. कुणाच्या तोंडी काय, आधी काय, मागून काय. कंटाळा येत होता. मधे कुठंतरी कुकर वाजला, कुणीतरी चहा मागितला, तेही त्यात होतं. 'एक मिनिट बहनजी, जरा बाहेर येतो,' हेही होतं. मग दाराचा आवाज, चपलांचा आवाज. पहिल्या दोन वेळा तिनं हे सगळं केरात काढलं होतं. आता चिडूनच तिनं तेही लिहिलं: घ्या, शब्दन् शब्द हवा ना? चपलासुद्धा घ्या.

तीन पानं झाली. अण्णा ती घेऊन उजेडात, खिडकीपाशी बसले. भिंगाखाली एकेक ओळ सरकवत राहिले. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्यावर ते थांबले, मागं गेले, पुन्हा पुढं आले.

"हितं बाहेर का गेला गं?"

तिनं लिहिलं, 'रेंज नसेल.'

"आत असताना बोलणं तुटत होतं?"

तिनं आठवून पाहिलं. नव्हतं तुटत. आत असताना तर आवाज खणखणीत होता, उलट जरा मोठाच. बाहेर आल्यावर मात्र बारीक झाला होता. तिनं तसं लिहिलं.

"आत कोण होतं?"

'थोरले बंधू. खेमचंदजी. मधे मधे तेच सांगत होते, आणि सिंघईजी पुढं आम्हाला.'

अण्णांनी भिंग बाजूला ठेवलं. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, तिचा हात ओढून घेतला आणि त्यावर पंचा टाकला. पंचाखाली त्यांनी तिची दोन बोटं धरून दाबली. त्रिशला गोंधळून बघत राहिली; म्हाताऱ्यानं पंचवीस वर्षांत कधी तिच्या हाताला हात लावला नव्हता.

"पेठेत आम्ही असा सौदा करायचो," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खोलीपुरता झाला. "चारचौघांत तोंडानं एक भाव ओरडायचा. तो गावासाठी. पंचाखाली बोटं दाबायची, तो खरा. पुढं बंदी आली त्याला, बरंच झालं, लबाडीबी लई चालायची. पण तोंडचा आकडा आणि हातचा आकडा वेगळा असतो हे मला कुणी शिकवायला नको. आता हे वाच. आत बसून काय म्हणाला?"

त्रिशलानं वाचलं. आत बसून सिंघई मोठ्यानं म्हणाले होते, 'आमच्या बड्या भैय्यांचं म्हणणं आहे की सिंघई घराण्याची वरात अडीचशेच्या खाली शोभणार नाही.'

"आणि बाहेर येऊन?"

बाहेर येऊन ते म्हणाले होते, 'बहनजी, बाबूजी दीडशे म्हणाले तर दीडशे. आम्हाला शिरसावंद्य. आम्हाला तर लेक हवी.' आणि मग हळूच, 'हे बाबूजींच्या कानावर अवश्य घाला.'

बाहेरचं हे बोलणं तिनं पहिल्या कागदात पूर्ण गाळलं होतं. दुसऱ्यात 'आम्हाला लेक हवी' आणि 'शिरसावंद्य' अदबीच्या परिच्छेदात घातलं होतं आणि मधला आकडा काढून टाकला होता. कारण तिच्या मते ते बोलायची रीत म्हणून बोललेलं, नेमका दीडशेच आला तो योगायोग, आणि एका कागदावर दोन आकडे आले तर घोटाळा होतो. ठरावात एकच आकडा असतो.

'मला वाटलं तोंडदेखलं बोलले,' तिनं लिहिलं. 

"तोंडदेखलं बोलणारा दीडशे म्हणत न्हाई, पोरी. तो म्हणतो, पाच माणसं म्हणा, पाच आणतो. दीडशे हा मोजून आणलेला आकडा हाय. त्यानं बोर्डिंगची चौकशी केलीया. भावाला तोंडावर सांगायची सोय न्हाई, म्हणून चपला घालून अंगणात आलाय." अण्णांनी पान खाली ठेवलं. "आणि तुला सांगत नव्हता तो. त्याला ठावं होतं हे लिहून मला दाखवणारेस. तो माझ्याशी बोलत होता. तू मधेच त्याचं तोंड धरलंस."

त्रिशलाला एकदम रडूच आलं. ते तिला मुळीच नको होतं. दोन दिवस ती या माणसावर चिडून होती, आणि आता चिडायलाही जागा उरली नव्हती. तिनं एकूण एक 'जी' लावला होता, एकही आकडा चुकवला नव्हता, तिच्या सगळ्या ओळी खऱ्या होत्या. आणि तरी तिच्या कागदावर एक बाप आपल्या मोठ्या भावासारखाच आडमुठा दिसत होता.

डोळे पुसून तिनं भराभरा लिहिलं, 'आत्ताच फोन करते. सांगते, तुमचे दीडशे आम्हाला मंजूर. आभार मानते.'

"खुळी हैस का?" अण्णा पुन्हा गल्लीभर ओरडले. "पंचाखाली दिलेला आकडा तू चव्हाट्यावर मांडणार? उद्या थोरला शेजारी बसलेला असंल. त्याच्या देखत 'तुमचे दीडशे' म्हणालीस की त्या बिचाऱ्याचं घरात काय राहील? आकडा आपलाच. आपण बोललेला, आणि आपण अडून बसलेला."

'मग नम्रपणे विनंती करते.'

"विनंती केलीस तर थोरला आणखी विनंती करंल. दोनशेवर आणंल, सव्वादोनशेवर आणंल. मग धाकट्याला आपल्याच भावाच्या विरुद्ध बोलावं लागंल. न्हाई. कडक बोलायचं. माझ्या नावावर बोलायचं. म्हातारा ऐकत न्हाई, त्याचं डोस्कं फिरलंय, दीडशेच्या वर एक माणूस आणला तर बोर्डिंगला कुलूप घालतो म्हणालाय. बोल असं."

 दोन दिवस अदब, अदब म्हणून त्रिशलाचा जीव खाल्ला, आणि आता हे! तिनं लिहिलं, 'ते तुम्हाला काय समजतील?'

"समजू देत," अण्णा म्हणाले. "कुणीतरी वाईट झाल्याशिवाय त्याला भावापुढं चांगलं राहता येत न्हाई. होतो मी वाईट."

रविवारी नऊच्या सुमाराला फोन आला. सिंघईंनी सुरुवातीलाच सांगितलं की बडे भैय्या शेजारी बसले आहेत आणि फोन सगळ्यांना ऐकू येतोय. त्रिशलानं जय जिनेंद्र केलं, मोठ्यांना प्रणाम सांगितला, आणि मग डोळे मिटून, आयुष्यात कुणा पाहुण्याशी बोलली नव्हती अशा कोरड्या हिंदीत बोलली. आमच्या बाबूजींनी सांगितलंय, दीडशे. एकसुद्धा जास्त नाही. जमत असेल तर या, नसेल जमत तर ज्याची त्याची मर्जी.  समोर बसलेला भरतेश या वेळी हातानं 'छान, छान' करायचंही विसरला होता.

पलीकडून खेमचंदजींचा आवाज आला, म्हातारा आणि संतापलेला. सिंघईंच्या वरातीची माणसं मोजणारे हे कोण? आम्ही काय अन्नाला मोताद आहोत? असा बुढ़ऊ त्यांनी सागरच्या पंचक्रोशीत पाहिला नव्हता. अडेलतट्टू, मग्रूर, हळदीचा दलाल तो हळदीचा दलालच. मुलगी चांगली आहे म्हणून बरं, नाहीतर असल्या घराचं पाणी प्यायलो नसतो.

आणि तेव्हा सुमतचंद सिंघई मोठ्यानं म्हणाले, "भैय्या, काय करणार, म्हातारा फारच हट्टी दिसतोय. आता मुलाचा जीव गुंतलाय. आपणच मोठं मन करू." खेमचंदजी बराच वेळ धुसफुसले. मग मोठं मन करायचा मान आपल्याकडं येतोय म्हटल्यावर त्यांनी तो घेतला. ठीक आहे, दीडशे. पण त्या म्हाताऱ्याला सांगा, सिंघईंनी सोडून दिलं म्हणून सुटला.

फोन संपला. लग्न ठरलं होतं. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही होता, पण 'हळदीचा दलाल' त्रिशलाला पचला नव्हता. ज्या माणसानं पाहुण्याच्या खोलीचीसुद्धा काळजी केली, त्याला उद्या सागरच्या घराघरात मग्रूर म्हणणार. अनुजा त्या घरात नांदणार, आणि तिला ते ऐकत नांदायचं होतं. तिनं ॲप उघडलंच नाही. सगळं कानात होतं. कागद घेऊन तिनं लिहिलं, दीडशे मान्य, गाडी पावणेचार, जेवण दिवसाउजेडी, ज्येष्ठ बंधूंना थोडा राग आला पण त्यांनी मोठं मन केलं. 'आजोबा जरा हट्टी दिसतात' असं ते म्हणाले. बस.

अण्णांनी वाचलं आणि भिंग त्या शेवटच्या ओळीवर धरून ठेवलं.

"'आजोबा जरा हट्टी दिसतात.' असं म्हणाले?"

तिनं मान हलवली.

"खोटं. असं म्हणाले असते तर दीडशेला तयार झाले नसते. लिही नीट."

मग तिनं लिहिलं. बुढ़ऊ लिहिलं, अडेलतट्टू लिहिलं, मग्रूर लिहिलं, हळदीचा दलाल दोनदा लिहिलं, कारण ते दोनदा म्हणाले होते. कुठंही 'जी' लावला नाही. अण्णा वाचत गेले आणि त्यांचा चेहरा खुलत गेला. 'मोठं मन करू'पाशी तर ते चक्क हसले. "हां," ते म्हणाले, "आता बसलं. शिव्या पोटभर दिल्या म्हणजे थोरल्याचं समाधान झालं. आणि धाकट्यानं शेवटी काय म्हटलं? पुन्हा बाहेर आला असंल."

आला होता. चपलांचा आवाज तिनं ऐकला होता. ती थांबली होती, ते काही बोलतील म्हणून. आभार, नमस्कार, काहीतरी. आणि बोलण्यासारखं काहीच आलं नव्हतं. हे कसं लिहायचं तिला कळेना. इतिवृत्तात याला जागा नसते. तिनं मार्कर उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि फळ्यावर लिहिलं:

'सिंघईजी बाहेर आले. काही बोलले नाहीत. "बाबूजी" एवढंच म्हणाले आणि पुढं त्यांचा आवाज फुटला नाही. फोन मात्र त्यांनी बराच वेळ ठेवला नाही. मीही ठेवला नाही.'

अण्णांनी ते एकदा वाचलं. भिंग न लावता पुन्हा वाचलं. मग फडकं घेऊन फळा पुसायला निघालेला तिचा हात त्यांनी धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "हे बरोबर लिहिलंस."